हीलियम घातला तर कधी सरकतं, कधी सरकत नाही: अकरावीचा प्रश्न अडलाय

अकरावीची_आई | शनिवार, रात्री ९:१०

मंडळी, कारेलीबागेतून लिहितेय. लेक अकरावी सायन्सला आहे. मागच्या आठवड्यात तिच्या क्लासच्या टेस्टमध्ये एक प्रश्न आला आणि तो आता आमच्या दोघींच्या डोक्यात बसलाय.

वरखाली सरकणारा दट्ट्या असलेलं एक सिलिंडर आहे, आत PCl5 ⇌ PCl3 + Cl2 असा समतोल. तापमान तेच आणि प्रेशरही तेच ठेवून आत हीलियम सोडला, तर PCl5 चं विघटन वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? लेकीने लिहिलं तेवढंच राहील, कारण क्लासच्या नोट्समध्ये चौकट करून दिलंय की इनर्ट गॅसने काहीही फरक पडत नाही. उत्तर निघालं वाढेल. सरांना विचारलं तर म्हणाले ते वाक्य बंद भांड्यासाठी आहे, दट्ट्यावाल्यासाठी वेगळं आहे, दोन्ही पाठ कर.

पाठ करेल ती, पण मलाच पटत नाहीये. बंद भांड्यात हीलियम घातला की प्रेशर वाढतं, काटा हलतो, तरी समतोल ढिम्म. आणि दट्ट्यावाल्यात प्रेशर मुद्दाम तेच ठेवलंय, म्हणजे काहीच बदललं नाही, तर तिथे मात्र सरकतो! हे उलटं नको का असायला? मी बी.एस्सी. झालेली आहे पण वीस वर्षं चॉकला हात लागलेला नाही, तेव्हा जरा मुळापासून सांगा.

मांडवीकर | ९:२६

समतोलाचा स्थिरांक K फक्त तापमानावर अवलंबून असतो ताई. तापमान बदललं नाही म्हणजे K बदलला नाही, K बदलला नाही म्हणजे समतोल जागच्या जागी. आम्हाला तरी असंच शिकवलंय, क्लासचं उत्तरच चुकलेलं असणार.

फतेगंजची_केमिस्ट | ९:४८

मांडवीकर, तुमचं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, दुसरं नाही. K बदलत नाही हे खरंच, पण समतोल सरकतो तो K बदलल्यामुळेच असं नाही, आत्ता भांड्यात जे प्रमाण आहे ते K शी जुळेनासं झालं तरीही सरकतो. तेव्हा बघायचं ते हे की हीलियम घातल्याने ते प्रमाण बिघडलं का.

अकरावीची_आई, तुमची शंका अगदी योग्य जागी आहे, आणि गोंधळाचं मूळ "प्रेशर" या शब्दात आहे. प्रेशर वाढवलं की कमी मोलच्या बाजूला सरकतं हे आपण जे घोकतो ना, त्यात प्रेशर वाढवायचं कसं हे कुणी सांगतच नाही. तिथे दट्ट्या दाबून वाढवलेलं प्रेशर अभिप्रेत असतं, म्हणजे जागा कमी केलेली असते. PCl5, PCl3 आणि Cl2 च्या रेणूंना आधी जेवढी जागा होती त्यापेक्षा कमी मिळाली, ते दाटीवाटीने आले, म्हणून समतोल सरकला. काटा वर गेला तो त्याच दाटीमुळे.

आता बंद भांड्यात हीलियम सोडा. काटा वर जातो, पण या तिघांची जागा तेवढीच आहे, त्यांचं प्रत्येकाचं स्वतःचं पार्शल प्रेशर होतं तेवढंच आहे. वाढलेलं सगळं प्रेशर हीलियमचं. मग त्यांनी कशाला हलायचं?

आणि दट्ट्यावाल्यात काटा तोच ठेवायचा म्हणजे हीलियमला जागा करून द्यायला दट्ट्या वर जाणारच. जागा वाढली. त्या वाढलेल्या जागेत आपले तिघेही पसरले, विरळ झाले. त्यांच्या दृष्टीने तुम्ही दट्ट्या वर ओढल्यासारखंच झालं, म्हणून जास्त मोलच्या बाजूला, म्हणजे विघटनाकडे.

माझा एकच नियम: हीलियमवर हात ठेवून तो झाका आणि उरलेल्यांचं मिळून किती प्रेशर राहिलं ते बघा. ते कमी झालं तर जास्त मोलकडे, वाढलं तर कमी मोलकडे, तेवढंच तर काही नाही. मुलांना दोन गोष्टी पाठ करायला लावण्याची गरजच नाही.

सेवउसळ_जिंदाबाद | ९:५५

प्रश्न नीट कळला नाही पण प्रेशरचं चाललंय म्हणून विचारतो. घरी दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली आणली की अर्धी उरते आणि दुसऱ्या दिवशी पाणी होतं. म्हणून मी ऑनलाइन ते पंपवालं झाकण मागवलं, बाटलीच्या तोंडावर लावायचं आणि दहावीस वेळा पंप मारायचा, बाटली दगडासारखी कडक होते. तरी सकाळी गॅस गेलेलाच. झाकण लीक असेल का? बदलून मागू का?

फतेगंजची_केमिस्ट | १०:०२

अहो हा तर धाग्यातलाच प्रश्न आहे! पंपाने तुम्ही हवा भरली. बाटलीच्या वरच्या रिकाम्या जागेत कार्बन डायऑक्साइड किती आहे तेवढंच पेयातल्या कार्बन डायऑक्साइडला कळतं, शेजारी हवा किती कोंबलीय ते कळत नाही. बाटलीची जागा ठरलेली, हवा ही इथे आपली हीलियम, म्हणजे अकरावीच्या_आईंचं बंद भांडं. झाकण लीक नसेल तरीही हेच होणार.

सेवउसळ_जिंदाबाद | १०:०६

म्हणजे पैसे गेले. पण उद्या सुट्टी आहे, दोन सारख्या बाटल्या आणून करून बघतो, एकीला पंप, एकीला साधं बूच. रिपोर्ट देतो इथे.

रावपुरा_इंजिनिअरिंग | १०:३१

केमिस्ट मॅडम, बाकी पटलं, पण आम्हाला अमोनियाच्या लूपबद्दल शिकवतात की आर्गॉन आणि मीथेन साठले की कन्व्हर्जन घसरतं म्हणून पर्ज करायचं. आता कन्व्हर्टर तर लोखंडी, जाड भिंतीचा, तो काही दट्ट्यासारखा वर जात नाही. म्हणजे व्हॉल्यूम कॉन्स्टंट. मग तुमच्या नियमाप्रमाणे आर्गॉनने काहीच व्हायला नको. मग सगळे प्लांट उगाच गॅस बाहेर सोडतात का?

मांडवीकर | १०:३४

हेच म्हणत होतो मी.

लूपवाला_नाना | ११:२०

रावपुरा, प्रश्न चांगला विचारलास बेटा. मी खताच्या कारखान्यात अमोनियावर एकतीस वर्षं काढली, शिफ्टमध्ये. कुठला कारखाना ते राहू दे. तर ऐक.

भिंत लोखंडी आहे म्हणून व्हॉल्यूम कॉन्स्टंट हे तेव्हा खरं जेव्हा आत गॅस कोंडलेला असतो. लूपमध्ये तो कोंडलेला नसतो, फिरत असतो. कन्व्हर्टरमधून एका फेरीत सगळा गॅस काही अमोनिया होत नाही, थोडाच होतो, तो थंड करून द्रव काढून घ्यायचा आणि उरलेला गॅस रीसर्क्युलेटरने परत कन्व्हर्टरच्या तोंडाशी, त्यात नवा मेकअप गॅस मिसळून. नव्या गॅसबरोबर हवेतला आर्गॉन येतो आणि रिफॉर्मरमध्ये फुटायचा राहिलेला मीथेन येतो. हे दोघे अमोनिया होत नाहीत, द्रवाबरोबर थोडे विरघळून जातात तेवढेच, बाकी फिरत राहतात आणि दर फेरीला वाढतात. तू लूपचं प्रेशर ठराविक ठेवून चालवतोस, तर आर्गॉनने जेवढा वाटा घेतला तेवढा नायट्रोजन आणि हायड्रोजनचा गेला. कोंडलेल्या भांड्यात आर्गॉन वरून येऊन बसतो, इथे तो दुसऱ्याची खुर्ची घेतो. म्हणून लूप म्हणजे तुझ्या पुस्तकातला कॉन्स्टंट प्रेशरवाला प्रकार, भिंत कितीही जाड असो.

आता घडलेलं सांगतो. एकदा रात्रपाळीला लूपचं प्रेशर हळूहळू चढायला लागलं. सुरुवातीला १४८ बार होतं, पहाटेपर्यंत १५६. पर्जचा वॉल्व्ह स्क्रीनवर उघडा दिसत होता. पॅनलवरचा नवा मुलगा खूश, म्हणे नाना प्रेशर वाढलं म्हणजे अमोनिया वाढणार, मोल कमी होतात ना तिकडे. मी म्हटलं मग वाढला का ते बघ. कन्व्हर्टरच्या बाहेर अमोनियाचा टक्का जिथे होता तिथेच, एक केसभर वर नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. लॅबला फोन करून गॅसचं सॅम्पल लावायला सांगितलं. संध्याकाळी इनर्ट ११ टक्के होते, आता १७.

तर फतेगंजच्या बाईंनी सांगितलं तसं झाकून बघ. आधी १४८ पैकी ८९ टक्के कामाचा गॅस, म्हणजे सुमारे १३२ बार. आता १५६ पैकी ८३ टक्के, म्हणजे सुमारे १२९. काटा आठ बार वर गेलेला आणि कामाच्या गॅसचं प्रेशर उलट दोनतीन बार खाली! वॉल्व्ह स्क्रीनवर उघडा होता पण आत अडकलेला होता, फील्डवर माणूस पाठवून बायपासने पर्ज सुरू केला आणि सकाळच्या चहापर्यंत काटा खाली यायला लागला.

रावपुरा_इंजिनिअरिंग | ११:३२

नाना, हे फार भारी आहे. पण मग अमोनिया कमी का नाही झाला, तेवढाच का राहिला? कामाचा गॅस तर कमी झाला होता.

लूपवाला_नाना | ११:५१

कारण मागून मेकअप गॅस तेवढाच येत होता आणि त्याला जायला दुसरी वाटच नव्हती. तो अमोनिया होत नाही तोवर प्रेशर चढत राहणार, चढता चढता जेवढा येतो तेवढा अमोनिया व्हायला लागला की थांबणार. इनर्ट आणखी साठले की पुन्हा चढणार. असं करत करत सेफ्टी वॉल्व्हच्या जवळ गेलं की लोड कमी करावाच लागतो, खरं नुकसान तिथे होतं. आणि हे सगळं नुसत्या समतोलाचं नाही हं, कन्व्हर्टरमधून गॅस समतोलापर्यंत पोचायच्या आतच बाहेर पडतो, कामाचा गॅस विरळ झाला की रिअ‍ॅक्शनचा वेगही पडतो. माझ्या त्या रात्रीत किती वाटा कशाचा ते मी काही वेगळं करून सांगू शकत नाही.

फतेगंजची_केमिस्ट | रविवार, सकाळी ७:४०

नाना, सुरेख. एक पुरवणी जोडते: १५० बारला गॅस पुस्तकातल्यासारखे वागत नाहीत, आर्गॉन शेजारी असण्याचाही बाकीच्यांवर थोडा परिणाम होतो. त्यामुळे बंद भांड्यात इनर्ट घातला तर "अजिबात" फरक नाही हे वाक्य कमी प्रेशरलाच चोख आहे. एवढ्या प्रेशरला ते जवळजवळ म्हणायला हवं.

लूपवाला_नाना | ७:५५

बाई, अकरावीच्या पोरीला हे सांगू नका, तिचं बरोबर आलेलं उत्तर परत हलेल.

फतेगंजची_केमिस्ट | ८:०३

मी सांगेन. एका ओळीत का होईना, नियम कुठपर्यंत चालतो ते माहीत असावं. यावर आपलं जमणार नाही बहुतेक :)

अकरावीची_आई | ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोघींनी मिळून वाचलं. हीलियम झाकायचा नियम लेकीला लगेच पटला. पण तिला आकडे हवेत, म्हणते विघटन वाढतं म्हणजे नेमकं किती वाढतं, नाव घेण्यासारखं की नावापुरतं? आणि तिची दुसरी शंका: विघटन वाढलं तर क्लोरीन वाढला, म्हणजे भांड्यातला रंग गडद व्हायला हवा ना?

फतेगंजची_केमिस्ट | ९:१५

लेकीला शाबासकी द्या, दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. PCl5 ऐवजी मी N2O4 ⇌ 2NO2 घेते, कारण ते साध्या तापमानाला होतं आणि रंग डोळ्याला दिसतो, N2O4 बिनरंगी, NO2 तपकिरी. २५ अंशाला Kp साधारण ०.१५ धरा, प्रेशर बारमध्ये.

१ मोल N2O4 ने सुरुवात केली आणि एकूण प्रेशर १ बार ठेवलं तर त्यातला ०.१९ मोल फुटतो. म्हणजे भांड्यात ०.८१ मोल N2O4 आणि ०.३८ मोल NO2, एकूण १.१९. आता बरोबर तेवढाच, १.१९ मोल आर्गॉन घाला.

भांडं बंद असेल तर काटा १ वरून २ बारवर जाईल. NO2 आधीही ०.३२ बार होता, आताही ०.३२. काही हललं नाही.

दट्ट्या मोकळा असेल तर जागा दुप्पट होईल आणि त्या क्षणाला दोघांचीही पार्शल प्रेशर निम्मी होतील. NO2 ०.१६, N2O4 ०.३४. NO2 चा वर्ग करून N2O4 ने भागा, ०.०७५ येतं, K च्या निम्मं. K तोच आहे, प्रमाण बिघडलं, मांडवीकर हेच ते. मग N2O4 फुटत जातो, आणि गणित सोडवलं तर फुटलेला भाग ०.१९ वरून ०.२६ वर जाऊन थांबतो. नाव घेण्यासारखं आहे.

आता रंग. NO2 ०.३८ मोलवरून ०.५२ मोल झाला, वाढला. पण जागा दुपटीपेक्षाही थोडी जास्त झाली, कारण फुटल्याने मोलही वाढले. त्यामुळे NO2 चं पार्शल प्रेशर ०.३२ होतं ते ०.२१ वर आलं. रेणू जास्त, पण विरळ. बाजूने बघाल तर रंग फिकाच दिसेल! तेव्हा रंगावरून उजवीकडे गेलं की डावीकडे ते सांगायला गेलात तर फसाल. विघटन मोलवर मोजायचं, रंग दाटीवर दिसतो.

ग्वाल्हेरचा_पाहुणा | १०:२०

ग्वाल्हेरहून नमस्कार. आमच्या कॉलेजला हेच काचेच्या सिरिंजमध्ये NO2 भरून दाखवायचे, तोंड बंद करून दट्ट्या दाबला की आधी एकदम गडद आणि मग हळूच थोडा फिका. सर म्हणायचे, बघा, फिका होतोय तो समतोल सरकताना. पोरांना फार आवडायचं.

फतेगंजची_केमिस्ट | १०:४४

हा प्रयोग मीही करते, धुराड्याखाली, NO2 विषारी आहे तेव्हा घरी कुणी करू नका. पण त्या सरांच्या स्पष्टीकरणात एक खोच आहे. ही रिअ‍ॅक्शन इतकी झटपट होते की एका सेकंदाच्या लाखांश भागांत समतोल साधला जातो, डोळ्याला तो सरकताना दिसूच शकत नाही. मग हळूच फिका होतो तो का? झटक्यात दाबल्यावर गॅस गरम होतो, गरम झाल्यावर NO2 जास्त असतो, आणि मग काच तो गॅस थंड करते तसा रंग उतरतो. तुम्ही बघत होतात ते मुख्यतः थंड होणं.

समतोल सरकला हे खरंच बघायचं असेल तर बाजूने बघू नका, सिरिंजच्या टोकाकडून, दट्ट्याच्या दिशेने आरपार बघा. दाबल्यावर गॅस दाट होतो पण नजरेच्या वाटेतली त्याची लांबी तेवढ्याच पटीत कमी होते, दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणजे काहीच सरकलं नसतं तर टोकाकडून रंग तसाच दिसला असता. प्रत्यक्षात दाबून गॅस थंड होऊ दिल्यावर टोकाकडून तो आधीपेक्षा फिका दिसतो. तो जो फरक आहे तो निव्वळ NO2 चे N2O4 झाल्याचा. पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा मी तीन वेळा दट्ट्या मागेपुढे केला होता, डोळ्यावर विश्वास बसेना.

ग्वाल्हेरचा_पाहुणा | ११:१०

बाप रे, इतकी वर्षं बाजूनेच बघत आलो. मग आता माझ्याकडून एक कोडं घ्या, नानांनाही आवडेल. अमोनियाचा समतोल, N2 + 3H2 ⇌ 2NH3, मोकळा दट्ट्या, प्रेशर कायम. आत हीलियम नाही, नायट्रोजनच घातला. अमोनिया वाढेल की कमी होईल?

मांडवीकर | ११:१४

यात काय कोडं, नायट्रोजन इथे भाग घेणारा आहे, वाढवला की पुढेच जाणार. वाढेल.

रावपुरा_इंजिनिअरिंग | ११:१९

वाढेल. ले शातेलिए.

ग्वाल्हेरचा_पाहुणा | ११:४०

मग हे बघा. समतोलात ६ मोल नायट्रोजन, ३ हायड्रोजन, १ अमोनिया आहे असं धरा, एकूण १०. प्रेशर कायम असताना तुलनेपुरतं हे काढलं तरी पुरे: अमोनियाचा वर्ग गुणिले एकूण मोलचा वर्ग, भागिले नायट्रोजन गुणिले हायड्रोजनचा घन. आधी १०० भागिले १६२, म्हणजे ०.६२. आता २ मोल नायट्रोजन घाला, नायट्रोजन ८, एकूण १२. तर १४४ भागिले २१६, म्हणजे ०.६७. प्रमाण वाढलं! म्हणजे अमोनियाच फुटणार, मागे जाणार.

आणि नायट्रोजन आधी थोडाच असेल, समजा २, हायड्रोजन ७, अमोनिया १, तर तेच २ मोल घातल्यावर ०.१४६ चं ०.१०५ होतं, म्हणजे पुढे जाणार. नायट्रोजन निम्म्यापेक्षा जास्त असला की उलटं फिरतं. कारण तोच की दट्ट्या वर जातो आणि हायड्रोजन विरळ होतो, आणि हायड्रोजनचा तर घन आहे.

लूपवाला_नाना | १२:०५

खरं आहे, पण आमच्याकडे हायड्रोजन नायट्रोजनच्या तिप्पटीच्या आसपास असायचा, त्यामुळे निम्म्या नायट्रोजनपर्यंत जायचा प्रश्नच कधी आला नाही. मात्र "नायट्रोजन घातला म्हणजे फायदाच" हे मी तरी पॅनलवर कुणाला म्हणू दिलं नाही. जास्तीचा झाला की तो आर्गॉनसारखाच फिरत राहतो.

मांडवीकर | १२:२२

मग ले शातेलिएचा नियम चुकीचा म्हणायचा का? पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय.

ग्वाल्हेरचा_पाहुणा | १२:३०

माझ्या मते ज्या शब्दांत तो शाळेत शिकवतात त्या शब्दांत चुकीचाच.

फतेगंजची_केमिस्ट | १२:४१

चुकीचा नाही म्हणणार मी. तुम्ही एका वेळी दोन गोष्टी केल्यात, नायट्रोजन घातला आणि जागाही वाढवली. नियम एका वेळी एकीबद्दल बोलतो, बंद भांड्यात नायट्रोजन घाला, प्रत्येक वेळी पुढेच जाईल.

ग्वाल्हेरचा_पाहुणा | १२:५०

पण शाळेतल्या पुस्तकात एका वेळी एक असं कुठे लिहिलेलं असतं? पोराने ते कुठून ओळखायचं?

लूपवाला_नाना | १:१५

या ले शातेलिएने स्वतः १९०१ मध्ये प्रेशरखाली अमोनिया करायचा प्रयत्न केला होता, उपकरणात हवा शिरली आणि स्फोट झाला, मग त्याने ते सोडून दिलं. पुढे ते हाबरच्या हातून झालं. जेवण वाढलंय, येतो मी.

अकरावीची_आई | दुपारी ४:२०

केवढं जमलंय इथे! लेक आता स्वतःच प्रश्न तयार करायला लागली आहे. तिचा प्रश्न: दट्ट्या पूर्ण मोकळाही नाही आणि पूर्ण घट्टही नाही, त्याच्या वर स्प्रिंग लावलीय. हीलियम सोडला तर प्रेशरही वाढेल आणि जागाही वाढेल. मग PCl5 चं काय? तिचं उत्तर तिने लिहून ठेवलंय, मी आधी इथे विचारते.

रावपुरा_इंजिनिअरिंग | ४:३३

प्रेशर वाढलं म्हणजे डावीकडे, जागा वाढली म्हणजे उजवीकडे, दोन्ही विरुद्ध, म्हणजे स्प्रिंग किती कडक त्यावर ठरेल.

फतेगंजची_केमिस्ट | ४:४०

रावपुरा, हीलियम झाका.

रावपुरा_इंजिनिअरिंग | ४:४४

हो हो, समजलं. वाढलेलं प्रेशर हीलियमचं आहे, ते मोजायचंच नाही. या तिघांना जागा जास्त मिळाली एवढंच खरं, म्हणजे उजवीकडे. स्प्रिंग कडक असेल तर थोडं, सैल असेल तर जास्त, पण उजवीकडेच.

अकरावीची_आई | ४:५८

तिनेही हेच लिहिलंय! शब्द वेगळे आहेत: "स्प्रिंग खूप कडक केली की बंद भांडं होतं, खूप सैल केली की मोकळा दट्ट्या, म्हणजे सरांच्या दोन गोष्टी एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत." सोमवारी ती हे सरांना दाखवणार आहे आणि नोट्समधल्या त्या चौकटीत "जागा तीच असताना" एवढे तीन शब्द घालता येतील का ते विचारणार आहे.

मांडवीकर | ५:१०

H2 + I2 ⇌ 2HI ला मात्र माझंच उत्तर लागू, दोन्हीकडे दोन मोल, बंद भांडं असो की दट्ट्या, काही सरकत नाही. बरोबर ना?

फतेगंजची_केमिस्ट | ५:१३

बरोबर.

सेवउसळ_जिंदाबाद | रात्री ९:३०

रिपोर्ट. सकाळी दहाला दोन बाटल्या, दोन्ही अर्ध्या करून फ्रीजमध्ये. एकीला पंप, तीस वेळा. दुसरीला साधं बूच. संध्याकाळी सातला काढल्या. पंपवाली कडक, उघडताना मोठ्ठा फुस्स आवाज, घरातले सगळे म्हणाले ही चांगली राहिली. मग डोळे बंद करून पाच जणांना दोन्ही पाजल्या, एकालाही फरक सांगता आला नाही. दोन्ही सारख्याच उतरलेल्या. फुस्स झाली ती माझीच हवा होती.

पण आता बायको विचारतेय की बाटली चेपून वरची जागाच घालवली आणि मग बूच लावलं तर?

लूपवाला_नाना | ९:५२

जागा कमी केलीत तर वर जायला कार्बन डायऑक्साइडला जागा कमी, कल्पना चांगली आहे. पण बाटली परत फुगायला बघते ना, ती चेपलेली राहील का यावर सगळं आहे. उद्या करून सांगा.